हातच्या ‘शुभमंगल’ला पत्रिकेवर कसं आणायचं: फोटोतून पारदर्शक अक्षर

लग्नपत्रिकेचा आतला मजकूर टाइपात चालतो, पण वरचं ‘शुभमंगल’ घरच्या माणसाच्या हातचं असावं, असं आता सांगलीत बऱ्याच घरांना वाटतं. त्यात मला फार आनंद आहे. अडचण पुढे येते. अक्षर कागदावर असतं, कागदाचा फोटो मोबाइलमध्ये असतो, आणि पत्रिकेची पार्श्वभूमी मरून किंवा हळदी पिवळी असते. त्या फोटोतला कागद काढून टाकून फक्त शाई उरवायची, म्हणजे मागचा रंग अक्षरांच्या फटींतून, वाट्यांतून स्वच्छ दिसला पाहिजे. हे काम नीट कसं होतं आणि कुठे बिघडतं, ते विश्रामबागेतल्या एका घरच्या कामावरून सांगतो.

नवरीचे काका निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी जाड कार्ट्रिज कागदावर काळ्या शाईने, आठ मिलिमीटर रुंद तासलेल्या बोरूने ‘शुभमंगल’ लिहिलं. शब्दाची लांबी साधारण पंचवीस सेंटिमीटर. खाली बारीक बोरूने ‘चि. सौ. कां.’ आणि मुलीचं नाव. फोटो खिडकीशेजारी, दुपारच्या उजेडात काढलेला. खिडकी डावीकडे असल्यामुळे कागदाची डावी बाजू उजळ आणि उजवी बाजू काळवंडलेली.

घरातल्या मुलाने आधी स्वतः प्रयत्न केला होता. पांढऱ्यावर क्लिक करून निवडणारी जादूची कांडी सगळेच वापरतात, तीच त्यानेही वापरली, कागद निवडला आणि डिलीट केला. पडद्यावर पांढऱ्या पानावर ते ठीक दिसत होतं. मरून रंगावर ठेवल्यावर प्रत्येक अक्षराभोवती मळकट पांढरी किनार उमटली. ही किनार का येते हे कळलं की पुढची सगळी रीत आपोआप सुचते, म्हणून तिथे जरा थांबू.

फोटो म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनाला उजेडाचा एक आकडा असतो, 0 म्हणजे पूर्ण काळा आणि 255 म्हणजे पूर्ण पांढरा. समजा कागदाचा आकडा 200 आहे आणि शाईचा 30. अक्षराच्या पोटात सगळीकडे 30, बाहेर सगळीकडे 200. पण अक्षराची कड चौकोनांच्या रेषेवर नेमकी बसत नाही. कडेवरच्या चौकोनात थोडी शाई आणि थोडा कागद येतो, आणि कॅमेरा दोन्हींचं मिश्रण नोंदवतो, म्हणजे 115 च्या आसपास. जादूची कांडी विचारते, हा चौकोन कागद आहे की शाई? याचं खरं उत्तर ‘साधारण निम्मं निम्मं’ असं आहे, पण तिला दोनच उत्तरं येतात. तिने तो शाई म्हणून ठेवला तर त्यातला निम्मा कागदही सोबत आला. तीच ती किनार. कागद म्हणून काढला तर कड करवतीसारखी दातेरी झाली आणि बारीक रेघा तुटल्या.

म्हणून अक्षर कापायचं नाही. प्रत्येक चौकोनात शाई किती आहे ते मोजायचं, आणि तेवढाच तो चौकोन अपारदर्शक ठेवायचा. पूर्ण शाई असेल तर पूर्ण अपारदर्शक, निम्मी असेल तर निम्मा, काहीच नसेल तर पूर्ण पारदर्शक. हे मोजमाप करायला वेगळं काही लागत नाही, कारण फोटोतला काळेपणा हेच शाईचं माप आहे. फोटो उलटा केला, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, की तोच पारदर्शकतेचा नकाशा झाला. संगणकाच्या भाषेत याला मास्क म्हणतात. मग फोटोतला रंग टाकून द्यायचा आणि त्या मास्कमधून आपल्याला हवा तो एकसंध रंग दाखवायचा. कागदाचा एक कणही सोबत येत नाही, मग किनार येणार कुठून?

काळेपणा म्हणजे शाई हे समीकरण एका अटीवर खरं आहे: कागद सगळीकडे सारखाच पांढरा असला पाहिजे. इथेच खरं काम आहे. काकांच्या फोटोत डावीकडचा कागद 215 होता आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात 150. शाई डावीकडे 40, उजवीकडे 28. आता एकच सीमारेषा ठरवून बघा. 160 च्या खालचं सगळं शाई म्हटलं तर उजवा कोपरा अख्खा काळा होतो. 130 म्हटलं तर डावीकडे बोरूची शाई जिथे विरळ झाली होती, त्या 140 च्या सुरेख खरखरीत रेघा उडून जातात. एका आकड्यात दोन्ही बाजू बसत नाहीत.

सावली ही वजाबाकी नसते, गुणाकार असतो. कमी उजेडात कागदही त्या प्रमाणात काळवंडतो आणि शाईही. म्हणून उपाय भागाकाराचा. प्रत्येक चौकोनाला ‘या जागी कोरा कागद किती उजळ दिसला असता’ त्या आकड्याने भागायचं. डावीकडे शाई 40 भागिले 215, म्हणजे 0.19. उजवीकडे 28 भागिले 150, तेही 0.19. कागद दोन्हीकडे 1. सावली गेली, शाई तशीच राहिली, आणि विरळ रेघांना धक्का लागला नाही.

त्या जागी कोरा कागद कसा दिसला असता हे कळणार कसं, कारण तिथे तर अक्षर आहे? शेजारच्या कागदावरून अंदाज बांधायचा. गिंप हा सॉफ्टवेअर फुकट मिळतो आणि त्यात हे सगळं होतं, म्हणून पायऱ्या त्याच्याच देतो. आधी फोटो अक्षरापुरता कापून, वाकडा असेल तर सरळ करून, `Colors > Desaturate` ने करडा करून घ्यायचा. मग त्या लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची, प्रत काढायची आणि वरच्या प्रतीवर `Filters > Blur > Median Blur` लावायचा. हा फिल्टर प्रत्येक चौकोनाभोवतीचे शेजारी उजेडाच्या क्रमाने रांगेत लावतो आणि त्यातला एक निवडतो. `Percentile` 50 ठेवलं तर मधला निवडतो. आपण ते 85 च्या आसपास ठेवायचं, म्हणजे उजळ बाजूचा शेजारी, अर्थात कागद, निवडला जातो. `Radius` अक्षराच्या जाडीच्या दुप्पट ठेवायचा. आमच्या फोटोत एका सेंटिमीटरला सुमारे 130 चौकोन येत होते, म्हणजे आठ मिलिमीटरचा काना शंभरेक चौकोन जाड, म्हणून त्रिज्या 200. फिल्टर लागला की अक्षरं पुसली जातात आणि उजळ ते काळवंडलेला असा नुसता कागद उरतो. त्यावर हलका `Gaussian Blur` मारून तो गुळगुळीत करायचा. शेवटी या वरच्या लेयरचा मोड `Divide` करायचा. खालचा फोटो वरच्या कागदाने भागला जातो आणि पान एकदम सपाट पांढरं होतं. `Layer > New from Visible` करून तो निकाल एका नव्या लेयरवर घ्यायचा.

त्रिज्या कमी पडली तर लगेच ओळखू येतं. जाड कान्याचा मधला भाग कडांपेक्षा फिका होतो, अक्षर आतून पोकळ झाल्यासारखं दिसतं. फिल्टरच्या घेरात शाईच शाई भरली, कागद सापडलाच नाही, आणि शाईला शाईनेच भागलं गेलं, असं त्याचं कारण. त्रिज्या वाढवली की जातं.

आता `Colors > Levels`. इथे दोन टोकं हलवायची: डावं टोक शाई पूर्ण काळी होईपर्यंत उजवीकडे, आणि उजवं टोक कागद पूर्ण पांढरा होईपर्यंत डावीकडे. किती, हे आकड्यावरून ठरवू नका, अक्षरावरून ठरवा. देवनागरीत यासाठी दोन पहारेकरी आहेत आणि ‘शुभमंगल’ या शब्दात दोन्ही शेजारी शेजारी उभे आहेत.

पहिला म्हणजे ‘भ’च्या डोक्यावरची फट. ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक किती थोडा आहे बघा: डावीकडची छोटी गाठ आणि तिच्यापाशी तुटलेली शिरोरेघ. काकांनी शिरोरेघ रुंद बोरूने ओढली होती, त्यामुळे ती फट जेमतेम दीड मिलिमीटरची होती. पत्रिकेवर शब्द दहा सेंटिमीटरचा होणार, म्हणजे फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी मोठी उरणार. डावं टोक जास्त ओढलं की कडा फुगतात, फट बुजते, आणि ‘शुभमंगल’चं ‘शुममंगल’ होतं. ‘ध’ आणि ‘घ’ यांचंही तसंच. नावात ‘धनश्री’ किंवा ‘माधव’ असेल तर आधी तिकडे बघा.

दुसरा पहारेकरी ‘मं’वरचा अनुस्वार, आणि त्याच्यापेक्षाही ‘कां.’वरचा. उजवं टोक जास्त ओढलं की विरळ शाई आणि बारीक टिंबं पातळ होत जातात. शाईच्या शेपट्या, म्हणजे ‘ल’च्या शेवटाला बोरू उचलताना राहिलेली केसासारखी रेघ, त्या तर सगळ्यात आधी जातात. फट मोकळी आणि टिंब शाबूत, या दोन खुणांच्या मधे जिथे दोन्ही नीट दिसतात तिथे थांबायचं. मधली जागा सापडतच नसेल तर दोष फोटोत आहे. फोटो पुन्हा काढणं हाच उपाय.

यानंतर पानावर काही ठिपके उरतात: कागदाचे तंतू, शाईचे शिंतोडे. सॉफ्टवेअरमध्ये ठिपके आपोआप पुसणारं `Despeckle` असतं. ते देवनागरीवर वापरू नका, हे मी कळकळीने सांगतो. त्या फिल्टरला टिंब आणि शिंतोडा यांत फरक कळत नाही. रोमन लिपीत आयच्या डोक्यावरचा ठिपका गेला तरी शब्द वाचता येतो. आपल्याकडे अनुस्वाराचा ठिपका म्हणजे उच्चार आहे. ‘चि. सौ. कां.’ या तीन तुकड्यांत तीन पूर्णविराम आणि एक अनुस्वार आहे, तेही बारीक बोरूचे, म्हणजे फिल्टरला आयतं सावज. शिंतोडे मोठं करून बघत हातानेच पुसायचे. एका पत्रिकेला पाच-दहा मिनिटं जातात, जाऊ द्यात.

आता अक्षर पारदर्शक करायचं. स्वच्छ झालेल्या लेयरवर उजवं क्लिक करून `Add Layer Mask`, त्यात `Grayscale copy of layer` निवडायचं आणि खाली `Invert mask` वर खूण करायची. मग मास्कच्या शेजारचं लेयरचं स्वतःचं छोटं चित्र निवडून तो लेयर अख्खा हव्या त्या रंगाने भरायचा. बाकीचे लेयर बंद करायचे. मागे चौकटी-चौकटीचं डिझाइन दिसलं की अक्षर मोकळं झालं. पुढे कधी नवरीकडच्यांनी रंग बदलायला सांगितला तर लेयर पुन्हा भरायचा, मास्कला हात लावायचा नाही. `Color to Alpha` नावाचा छोटा रस्ताही आहे, पांढरा निवडून एका झटक्यात काम होतं. पण त्यात कडेचा रंग फोटोतून येतो, आपल्या हातात राहत नाही. पत्रिकेसाठी मला मास्कच पसंत आहे.

एक तपासणी मात्र चुकवू नका. अक्षराला तात्पुरता पांढरा रंग द्या आणि खाली पूर्ण काळा लेयर ठेवा. कागद पुरता गेला नसेल तर अक्षराभोवती धुरकट चौकोन दिसेल. दोन-तीन टक्के उरलेला कागद पिवळ्या पार्श्वभूमीवर पडद्यावर अजिबात जाणवत नाही, पण छापून आल्यावर पत्रिकेवर कापडाचं ठिगळ लावल्यासारखा फिकट चौकोन उमटतो, आणि तेव्हा हजार पत्रिका छापून झालेल्या असतात. असा धूर दिसला तर मास्क निवडून त्यावरच `Levels` उघडायचं आणि डावं टोक किंचित आत घ्यायचं. पहारेकऱ्यांकडे पुन्हा एकदा बघून घ्यायचं.

लग्नघरात आणखी एक गोष्ट हमखास होते, आणि सांगलीत तर नक्कीच: कागदाला हळदीचं बोट लागतं. काकांच्या कागदावरही ‘ग’च्या वर पिवळा डाग होता. फोटो नेहमीसारखा करडा केला तर तो डाग राखाडी होऊन शाईत मिसळतो. रंगीत फोटो मुळात तीन करड्या फोटोंचा बनलेला असतो, लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळा नोंदवलेला. हळद लाल उजेड जवळजवळ कागदाइतकाच परत फेकते आणि निळा गिळते. म्हणून लाल भागात डाग दिसेनासा होतो, निळ्या भागात काळा ठिपका होऊन बसतो. काळी शाई तिन्ही उजेड गिळते, ती सगळीकडे काळीच. तेव्हा फोटो करडा करण्याऐवजी `Colors > Components > Extract Component` मधून लाल भाग घेतला, की डाग पुसायचं कामच उरत नाही. कुंकवाचा डागही लाल भागात बराच फिका पडतो. मात्र अक्षरच लाल शाईने लिहिलं असेल तर लाल भागात अक्षरही नाहीसं होईल, तिथे हिरवा किंवा निळा भाग घ्या. लिहिणाऱ्याला आधीच सांगता आलं तर आखणीच्या रेघा फिकट निळ्या पेन्सिलीने मारायला सांगा. काळ्या शाईत लिहिलेलं असलं की निळा भाग घेतल्यावर त्या रेघा विरून जातात. शिसपेन्सिलीच्या रेघांना हा उपाय नाही, त्या शाई वाळल्यावर खोडरबराने काढाव्या लागतात.

फोटोबद्दल थोडंच. फ्लॅश नको. वाळलेली काळी शाई चकाकते, आणि चकाकीने अक्षराच्या पोटात पडलेलं पांढरं भोक कुठल्याही भागाकाराने भरत नाही. कागद सपाट, मोबाइल त्याच्याशी समांतर, अंधाऱ्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा केला की सावली बरीच हलकी होते. पडद्यावर कागदाला बोट लावून उजेड जरा कमी करा, कारण कागद 255 ला टेकला की त्याच्याबरोबर केसासारख्या रेघाही पांढऱ्या होतात. कागदपत्रं स्कॅन करणारी ॲप वापरू नका, त्यांतली बरीचशी आपल्या आधीच काळं-पांढरं ठरवून मोकळी होतात. आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, दाबला जातो, आणि अक्षरांच्या कडेला डासांच्या थव्यासारखे करडे ठिपके येतात.

आकाराचा हिशोब सोपा आहे. छपाईला एका इंचात 300 चौकोन लागतात. शब्द पत्रिकेवर चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर होणार, तर मूळ अक्षर निदान 1200 चौकोन रुंद हवं. आमच्या फोटोत ते तीन हजारांच्या वर होतं, म्हणजे भरपूर. पण शब्द अडीचपट लहान होणार, म्हणजे रेघाही अडीचपट बारीक होणार. अर्ध्या मिलिमीटरची रेघ 0.2 मिलिमीटरवर येते. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी ‘चि. सौ. कां.’ची ओळ थोड्या जाड बोरूने पुन्हा लिहून दिली. सॉफ्टवेअरमध्ये रेघ फुगवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं, कारण फुगवताना ‘भ’ची फट आधी बुजते.

फाइल `.png` मध्ये सेव्ह करा. `.jpg` मध्ये पारदर्शकता राहतच नाही, मागे पुन्हा पांढरा चौकोन येतो. गिंपची मूळ `.xcf` फाइलही ठेवा. डिजिटल किंवा ऑफसेट छपाईच्या पत्रिकेला हा पीएनजी कोरलड्रॉमध्ये सरळ घेता येतो. काळं अक्षर हवं असेल तर प्रेसवाल्यांना ते फक्त काळ्या शाईत ठेवायला सांगा. पडद्यावरचा काळा तसाच गेला तर तो चार शाया मिळून बनतो, आणि त्या केसभर इकडेतिकडे सरकल्या की बारीक रेघांना रंगीत सावल्या येतात.

सोनेरी फॉइल किंवा स्क्रीन प्रिंटिंग असेल तर ही सगळी निम्मी पारदर्शकता कामाची नाही. फॉइल लागतं किंवा लागत नाही, निम्मं लागत नाही. त्यासाठी स्वच्छ केलेला करडा लेयर, मास्क लावण्याआधीचा, पूर्ण मोठ्या आकारात इंकस्केपमध्ये घेऊन `Path > Trace Bitmap` ने रेघांचं चित्र बनवायचं. कडा तेव्हा गणिताने आखल्या जातात, कितीही लहान-मोठं केलं तरी स्वच्छ राहतात. मात्र बोरूची विरळ, खरखरीत शाई तिथे शेकडो बारीक तुकड्यांत फुटते आणि फॉइलमध्ये त्यातले बरेच तुकडे भरून तरी जातात किंवा उडून तरी जातात. काकांचं ‘शुभमंगल’ फॉइलमध्ये घ्यायचं ठरलं, तेव्हा मी त्यांना भरपूर शाई घेऊन, एकसंध उतरेल असं पुन्हा लिहायला सांगितलं. विरळ शाईचं मूळ अक्षर आतल्या पानावर, मरून शाईत, पारदर्शकच ठेवलं. पहिली पत्रिका गणपतीच्या देवळात ठेवायला गेली, तिच्यावर दोन्ही अक्षरं होती.